पेरलेल्या चार चुका आणि तीन पायऱ्यांच्या सूचना

सहा विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण असे आहेत: ७२, ३५, ५८, ९१, २८ आणि ७६. यांची बेरीज ३६० आणि सरासरी ६० येते. दहावीच्या परीक्षेप्रमाणे शंभरात ३५ ला पास धरलं, तर पाच जण पास आणि एक नापास. सर्वांत जास्त गुण ९१. आठवी-नववीतलं कुठलंही मूल एवढं गणित कागदावर सहज करेल.

आता हेच काम करणारा पायथनमधला पंधरा ओळींचा प्रोग्रॅम त्या मुलासमोर ठेवायचा. मात्र शिक्षकांनी त्यात आधीच चार चुका पेरून ठेवलेल्या असतात. मुलांनी त्या शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. अडल्यावर सूचना मिळते, पण ती तीन पायऱ्यांत मिळते, आणि तिसऱ्या पायरीवरही आयतं उत्तर मिळत नाही. वर्गात दोन तासिकांत होणारा हा सराव आहे. त्याचं यश दोन गोष्टींवर ठरतं: चुका कशा पेरल्या आणि सूचना कशा लिहिल्या.

संगणकाच्या तासाला मुलं प्रोग्रॅम लिहायला शिकतात. बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करणं मात्र ती आपोआप शिकतील असं गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी लोगो या मुलांसाठीच्या संगणकभाषेवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. चूक शोधण्याच्या पायऱ्या त्यांनी मुलांना वेगळ्या काढून, नीट समजावून शिकवल्या. त्यानंतर मुलांचं लोगोमधलं काम सुधारलं. शिवाय संगणकाशी काहीही संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही ती अधिक नेमकेपणानं शोधू लागली. चूक शोधणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं, एवढं त्यातून दिसलं.

मुलांच्या हातात जाणारा प्रोग्रॅम असा आहे. प्रत्येक ओळीला मनातल्या मनात १ ते १५ क्रमांक द्यावा, कारण पुढे ओळींचा उल्लेख क्रमांकानं येईल.

```python
marks = [72, 35, 58, 91, "28", 76]
total = 0
passed = 0
highest = 0
for i in range(1, len(marks)):
    m = marks[i]
    total = total + m
    if m > 35
        passed = passed + 1
    if m > highest:
        highest = m
average = total / len(marks)
print("Average:", average)
print("Passed:", passed)
print("Highest:", highest)
```

पायथन न येणाऱ्या वाचकालाही यातलं बरंचसं कळेल. पहिल्या ओळीत गुणांची यादी आहे. पुढच्या तीन ओळींत बेरीज, पास झालेल्यांची संख्या आणि सर्वाधिक गुण यांची सुरुवात शून्यापासून केली आहे. पाचव्या ओळीपासून लूप सुरू होतो. लूप म्हणजे यादीतला एकेक गुण उचलायचा आणि त्यावर तीच कामं पुन्हा करायची: बेरजेत मिळवायचा, पास आहे का पाहायचं, आतापर्यंतच्या सर्वाधिक गुणांपेक्षा मोठा आहे का पाहायचं. शेवटी सरासरी काढून तीन उत्तरं छापायची.

आधी कागद, मग संगणक

दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाकडे कळफलक, दुसऱ्याकडे वही, आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. संगणकाला हात लावण्याआधी प्रत्येक जोडीनं अपेक्षित उत्तरं वहीत लिहायची: सरासरी ६०, पास ५, सर्वाधिक ९१. ही पायरी वगळली तर सगळा सराव कोसळतो. योग्य उत्तर काय यायला हवं हे ठाऊक नसलेल्या मुलाला पडद्यावर आलेला कुठलाही आकडा खराच वाटतो.

थॉनी हा मोफत एडिटर या कामाला सोयीचा पडतो. त्याच्यासोबतच पायथन येतं, एकदा बसवल्यावर इंटरनेट लागत नाही, आणि प्रोग्रॅम एकेक पाऊल पुढे नेत प्रत्येक व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत बाजूच्या चौकटीत पाहता येते.

बोलणाऱ्या चुका आणि मुक्या चुका

प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की तो सुरूच होत नाही. थॉनी आठव्या ओळीकडे बोट दाखवतं आणि म्हणतं:

```
SyntaxError: expected ':'
```

`if m > 35` च्या शेवटी कोलन राहिला आहे. पायथनच्या ३.१० आणि त्यापुढच्या आवृत्त्या हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतात. शाळेच्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर नुसतं `invalid syntax` येतं, आणि मुलांना ओळ स्वतः वाचून काय राहिलंय ते ओळखावं लागतं. ही चूक सर्वांत सोपी आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक जोडीला एक तरी चूक सापडली पाहिजे.

कोलन टाकून पुन्हा चालवलं की दुसरी एरर येते, या वेळी सातव्या ओळीवर:

```
TypeError: unsupported operand type(s) for +: 'int' and 'str'
```

इथे मुलांचा पहिला गोंधळ होतो. सातवी ओळ आहे `total = total + m`, आणि तिच्यात काहीच चुकलेलं नाही. मुलं ती ओळ खोडतात, पुन्हा लिहितात, कंस घालून पाहतात. खरी चूक पहिल्या ओळीत आहे. २८ हा गुण अवतरणचिन्हांत लिहिल्यामुळे पायथनला तो आकडा न दिसता मजकूर दिसतो. पहिले काही गुण सुरळीत मिळवले जातात, बेरीज १८४ पर्यंत पोहोचते, आणि मग आकड्यात मजकूर मिळवण्याची वेळ आल्यावर प्रोग्रॅम थांबतो. प्रोग्रॅम कुठे पडला ते एरर सांगते. कशामुळे पडला ते बऱ्याचदा त्याच्या कितीतरी वर असतं. या चुकीतून शिकायचं ते एवढंच, आणि ते मुलांच्या तोंडून यायला हवं.

अवतरणचिन्हं काढली की प्रोग्रॅम एकदाचा शेवटपर्यंत चालतो आणि छापतो:

```
Average: 48.0
Passed: 3
Highest: 91
```

लाल अक्षरं गेली, उत्तरं आली. वर्गातल्या काही जोड्या इथे हात वर करून ‘झालं’ म्हणतात. वहीतले आकडे मात्र ६०, ५ आणि ९१ आहेत. उरलेल्या दोन चुका मुक्या आहेत. त्या एरर देत नाहीत, फक्त चुकीचं उत्तर देतात, आणि सरावाचा खरा भाग इथूनच सुरू होतो.

एका चुकीच्या तीन सूचना

सरासरी ४८ का आली? पाचव्या ओळीत `range(1, len(marks))` आहे. यादीत सहा गुण आहेत, म्हणून हे `range` १, २, ३, ४, ५ असे आकडे देतं. पायथन यादीतली मोजणी शून्यापासून करतं. त्यामुळे शून्य क्रमांकावर बसलेले ७२ गुण लूपला कधी दिसतच नाहीत. बेरीज ३६० ऐवजी २८८ होते, आणि सहानं भागल्यावर ४८ येतात.

हे मुलांना सांगून टाकायला अर्धं मिनिट लागेल आणि त्यातून ती काहीही शिकणार नाहीत. म्हणून सूचनांची तीन कार्डं करायची.

पहिलं कार्ड उत्तराकडे पाहायला लावतं, कोडकडे नाही: ‘प्रोग्रॅमची सरासरी ज्या बेरजेतून आली ती बेरीज किती? तुमची बेरीज किती? दोन्हींत किती फरक आहे?’ मूल ४८ ला सहानं गुणतं, २८८ मिळतात, ३६० मधून वजा केले की ७२ उरतात. यादीकडे पुन्हा नजर टाकली की पहिलाच गुण ७२ दिसतो. पुष्कळ जोड्यांना एवढं पुरतं.

दुसरं कार्ड तपासणीची पद्धत देतं: ‘सहाव्या ओळीच्या खाली, लूपच्या आत, `print(m)` लिहा आणि चालवा. किती आकडे छापले गेले? कोणता आला नाही?’ इथे चूक कोणत्या भागात आहे हे कळतं, पण ती पाहण्याचं काम मुलाचंच राहतं. शिवाय हे साधन त्याला पुढच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये उपयोगी पडतं.

तिसरं कार्ड ओळ दाखवतं: ‘पाचवी ओळ पाहा. `range(1, 6)` कोणकोणते आकडे देतं ते वहीत लिहा. यादीतल्या पहिल्या गुणाचा क्रमांक पायथनमध्ये कोणता?’ दुरुस्ती अजूनही सांगितलेली नाही. शेवटचं पाऊल मुलानंच टाकायचं.

पहिल्या कार्डात लक्षण, दुसऱ्यात तपासणी आणि तिसऱ्यात जागा, हा क्रम पक्का ठेवावा. बऱ्याच तयार सरावांत पहिलीच सूचना ‘लूप नीट तपासा’ अशी असते. ती जागा सांगून टाकते आणि कसं तपासायचं ते मात्र सांगत नाही. अशा सूचनेनंतर मुलं लूपमधले आकडे अंदाजानं बदलत बसतात.

काठावर पास

पाचव्या ओळीत १ च्या जागी ० केला की सरासरी ६० येते. पास झालेल्यांची संख्या ३ वरून ४ होते. हवे आहेत ५. इथे मुलांचा दुसरा गोंधळ होतो. आकडा बदलला, पण बरोबर आला नाही, म्हणून काही जणांना आपली दुरुस्तीच चुकली असं वाटतं आणि ती पुन्हा १ टाकतात. प्रत्यक्षात एकाच लक्षणामागे दोन कारणं होती. ७२ गुण लूपमधून सुटल्यामुळे एक विद्यार्थी कमी मोजला गेला आणि दुसरा वेगळ्याच चुकीमुळे. म्हणून वहीत एक साधी शिस्त लागते: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तिन्ही उत्तरं लिहून ठेवायची. सरासरी ४८ वरून ६० झाली ही नोंद डोळ्यांसमोर असली की ती दुरुस्ती कुणी मागे घेत नाही.

उरलेली चूक आठव्या ओळीत आहे. `m > 35` म्हणजे ३५ पेक्षा जास्त. काठावर पास झालेला ३५ गुणांचा विद्यार्थी प्रोग्रॅमनं नापास केला. तिथे `>=` हवं होतं. यासाठी पहिलं कार्ड विचारतं: ‘कागदावर पास असलेल्या पाच जणांपैकी प्रोग्रॅमनं कोणाला सोडलं असेल?’ दुसरं सांगतं: ‘यादीत एकच गुण ठेवून चालवा. आधी ३४, मग ३५, मग ३६. प्रत्येक वेळी पास किती येतात ते लिहा.’ तिसरं म्हणतं: ‘आठवी ओळ मोठ्यानं वाचा. ३५ हा ३५ पेक्षा मोठा आहे का?’ दुसरं कार्ड सरासरी बरोबर आल्यावरच द्यायचं. पाचव्या ओळीतली चूक तशीच असताना यादीत एकच गुण ठेवला, तर लूप एकदाही फिरत नाही आणि तिन्ही वेळा पास शून्यच येतात.

चुकीची दुरुस्ती कशी ओळखायची

एरर घालवणं आणि चूक दुरुस्त करणं यांतला फरक मुलांना सांगून कळत नाही, पाहून कळतो. या सरावात तो पाहायला मिळतो. २८ वरून एरर येते म्हटल्यावर काही मुलं २८ यादीतूनच काढून टाकतात. एरर जाते. बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर पास ५ येतात, सर्वाधिक ९१ येतात, दोन उत्तरं वहीशी जुळतात. सरासरी मात्र ६६.४ येते, कारण एक विद्यार्थीच गायब झाला आहे. तिन्ही उत्तरं तपासण्याची सवय असेल तरच हे लक्षात येतं.

दुसरी नेहमीची चुकीची दुरुस्ती `range` मध्ये होते. एक गुण कमी पडतोय म्हणून मुलं शेवट एकनं वाढवतात आणि `range(0, len(marks) + 1)` लिहितात. मग `IndexError: list index out of range` येते, कारण सहा क्रमांकावर यादीत काहीच नाही. ही एरर उपकारकच आहे. क्रमांक शून्य ते पाच असतात, हे ती मुलांना दाखवून देते.

तिसरी दुरुस्ती जास्त विचार करायला लावणारी आहे. काही मुलं `>=` न वापरता `m > 34` लिहितात. या यादीसाठी उत्तर बरोबर येतं. त्यांना चूक म्हणू नये. यादीत ३४.५ गुण टाकून चालवायला सांगावं. साडेचौतीसवाला पास झालेला पाहिला की गुण पूर्णांकच असतील हे आपण गृहीत धरलं होतं, हे त्यांचं त्यांना कळतं. तसंच, २८ ची अवतरणचिन्हं न काढता सहाव्या ओळीत `m = int(marks[i])` लिहिणाऱ्या मुलांची दुरुस्ती पूर्ण मार्कांची धरावी. त्यांनी यादीला हात न लावता पुढच्या अशाच चुकांचाही बंदोबस्त केला आहे.

सूचना कधी द्यायची

तीन कार्डं टेबलावर उघडी ठेवली तर मुलं थेट तिसरं उचलतात. संगणकावरच्या शिकवणी-प्रणालींमध्ये हे मोठ्या प्रमाणात पाहिलं गेलं आहे. कार्नेगी मेलनमधल्याच रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली केलेल्या अभ्यासात असं आढळलं, की भराभर सूचना मागत शेवटच्या सूचनेतलं उत्तर गाठणाऱ्या मुलांचं शिकणं इतरांपेक्षा कमी होतं.

वर्गात यावर साधा नियम पुरतो. कार्ड शिक्षकांकडेच राहतं आणि ते मागताना वही दाखवावी लागते. वहीत तीन ओळी असतात: काय दिसलं, काय वाटतं, काय करून पाहिलं. ‘काहीच कळत नाही’ ही ओळ चालत नाही. ‘सरासरी ४८ आली, भागाकार चुकला असं वाटतं, बाराव्या ओळीत ६ लिहून पाहिलं तरी ४८ च आली’ ही चालते. तर्क चुकीचा आहे, पण तो तपासला गेला आहे. पुष्कळदा या तीन ओळी लिहितानाच मुलांना उत्तर सुचतं आणि कार्ड मागायची गरज उरत नाही. कार्ड घेतल्याबद्दल गुण कापू नयेत. गुण कापले की मुलं शेजारच्या जोडीचा पडदा पाहतात, आणि मग कोणाला काय कळलं हे शिक्षकांना समजत नाही.

चुका पेरणाऱ्यासाठी

असा सराव स्वतः तयार करणाऱ्यानं आधी बरोबर प्रोग्रॅम लिहून चालवावा आणि मग एकेक चूक घालावी. प्रत्येक चूक घातल्यावर एक प्रश्न विचारावा: दिलेल्या आकड्यांवर ही चूक दिसते का? वरच्या यादीत नेमका ३५ हा गुण नसता, तर `>` आणि `>=` यांच्यात काहीच फरक पडला नसता आणि मुलांना सापडण्यासारखं तिथे काही उरलं नसतं. चूक पेरायची तर ती उघडी पाडणारा आकडाही सोबत पेरावा लागतो.

याच यादीत याची उलट बाजूही आहे. प्रोग्रॅम पहिला गुण वगळत होता, तरी सर्वाधिक गुण ९१ असं बरोबर उत्तर देत होता, कारण ९१ पहिल्या जागी नव्हते. सराव संपल्यावर मूळ बिघडलेल्या प्रोग्रॅममध्ये कोलन टाकावा, २८ ची अवतरणचिन्हं काढावीत, ७२ आणि ९१ यांची जागा बदलावी आणि चालवून दाखवावं. सर्वाधिक गुण ७६ येतात. तोवर सगळ्यांना बरोबर वाटलेलं तिसरं उत्तर केवळ योगायोगानं बरोबर होतं, हे मुलांना तेव्हा दिसतं.

या सरावाची एक मर्यादा आहे. पेरलेल्या चुका शोधताना चूक आहे हे मुलांना आधीच ठाऊक असतं. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ते ठाऊक नसतं, शिवाय आपल्याला काय लिहायचं होतं ते डोक्यात असल्यामुळे काय लिहिलं गेलं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पहिल्या वेळी चुकांची संख्या सांगावी, दुसऱ्या वेळी सांगू नये, आणि कधीतरी एकही चूक नसलेला प्रोग्रॅम द्यावा. त्या दिवशी प्रोग्रॅम बरोबर आहे हे मुलांना आकड्यांनिशी पटवून द्यावं लागतं. त्यानंतरच्या तासिकेला प्रत्येक जोडीनं स्वतः एक चूक पेरून तीन कार्डं लिहावीत आणि दुसऱ्या जोडीला द्यावीत. उत्तर न फोडता पहिलं कार्ड लिहिता आलं, तर त्या जोडीला ती चूक खरोखर समजली आहे.

शिक्षकांनी हा प्रोग्रॅम जसाच्या तसा वापरावा, किंवा यादीत आपल्या वर्गाला जवळचे आकडे घालावेत: शाळेच्या मैदानावरच्या धावा, आठवड्याचा पाऊस, दूध डेअरीतलं रोजचं संकलन. एक गोष्ट मात्र बदलू नये. मूल संगणकासमोर बसण्याआधी योग्य उत्तर त्याच्या वहीत, त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं असावं.